सोसायटीत विशेष सर्वसाधारण सभा मागायची आहे? मागणीपत्रापासून कोरमपर्यंत

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर पंधरा दिवसांनी कोणीतरी लिहितंच, "जीबी लावा एकदा, होऊन जाऊ दे." खाली वीस-पंचवीस अंगठे उमटतात आणि विषय तिथेच संपतो. वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत व्हायची असते आणि तिच्यात हिशेब, ऑडिटर, मेंटेनन्सची थकबाकी यातच दुपार होते. मधल्या काळात एखाद्या प्रश्नावर सगळ्या सभासदांचा निर्णय हवा असेल, तर कमिटीच्या मर्जीची वाट पाहावी लागत नाही. सभासदांना स्वतः सह्या करून विशेष सर्वसाधारण सभा मागता येते आणि ती मागणी नियमात बसत असेल तर कमिटीला सभा लावावीच लागते.

आमच्या सोसायटीत आम्ही ही सगळी वाट चाललो आहोत. इथे लिहिलेलं महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांपुरतं आहे. त्याचा आधार महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चं कलम ७६ आणि आदर्श उपविधी. तुमची इमारत अपार्टमेंट कायद्याखालचं कॉन्डोमिनियम असेल तर तिचे उपविधी वेगळे, ते आधी बघा. आणि कंपनीच्या सभांची सवय असलेल्या मंडळींनी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका: कंपनी कायद्यात संचालकांनी सभा लावली नाही तर मागणी करणारे भागधारक स्वतः लावू शकतात. सोसायटीत तसं नाही. सभासदांनी आपणच नोटीस चिकटवून पार्किंगमध्ये भरवलेल्या सभेचे ठराव कागदावरच राहतात.

१. आधी आकडा काढा: सभासद किती, फ्लॅट किती नव्हे

कायदा म्हणतो, एकूण सभासदांपैकी एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली की एक महिन्याच्या आत सभा बोलावली पाहिजे. उपविधीत याहून कमी संख्या दिली असेल तर ती कमी संख्या धरायची. म्हणून पहिलं काम म्हणजे तुमच्या सोसायटीचे नोंदणीकृत उपविधी मिळवणं. वरच्या मजल्यावरच्या काकांना आठवतं त्यावर जाऊ नका, छापील प्रत हातात घ्या.

दुसरं काम सभासदांची यादी. सोसायटीत सभासदांची नोंदवही 'आय' नमुन्यात आणि यादी 'जे' नमुन्यात ठेवलेली असते. ही यादी सेक्रेटरीकडे लेखी मागा. फ्लॅटची संख्या आणि सभासदांची संख्या बऱ्याचदा जुळत नाही. ६४ फ्लॅटची इमारत घ्या. त्यात तीन फ्लॅट विकले गेलेत, पण नव्या मालकांचं सभासदत्व अजून मंजूर झालेलं नाही आणि जुन्यांचं संपलंय, असं समजा. मग सभासद ६१. त्यांचा एक पंचमांश होतो १२.२, म्हणजे सह्या १३ हव्यात. अपूर्णांक नेहमी वर धरायचा. बारा सह्यांवर "जवळपास झालंच की" चालत नाही.

आता याच आकड्याशेजारी दुसरा आकडा लिहून ठेवा, कोरमचा. आदर्श उपविधीप्रमाणे सर्वसाधारण सभेला एकूण सभासदांपैकी दोन तृतीयांश किंवा २०, यांपैकी कमी असेल तेवढे सभासद हजर लागतात. ६१ सभासदांचे दोन तृतीयांश ४१ होतात, त्यामुळे इथे कोरम २०. सभा मागायला १३ पुरतात, पण ती भरायला २० लागतात. या दोन आकड्यांतलं अंतर लक्षात असू द्या, पुढे सभा बुडते ती इथेच.

लहान सोसायटीत हे अंतर आणखी मोठं. २४ सभासद असतील तर सह्या पाच पुरतात, पण कोरमला सोळा जण हवेत.

२. हे या सभेत बसतं का, ते तपासा

सह्या गोळा करायला निघण्याआधी तीन गोष्टी बघून घ्या.

चेअरमन किंवा सेक्रेटरीला हटवायचं असेल तर ही वाट चुकीची आहे. पदाधिकाऱ्यांवरचा अविश्वास ठराव कमिटी सदस्यांच्या मागणीवरून, निबंधकांमार्फत, कमिटीच्या सभेत येतो. सर्वसाधारण सभेत आरडाओरडा करून कोणाचं पद जात नाही.

सर्वसाधारण सभेनेच नुकताच केलेला ठराव फिरवायचा असेल, तर आदर्श उपविधीप्रमाणे त्याला सहा महिने होईपर्यंत तो रद्द करण्याचा ठराव सभेपुढे आणता येत नाही. मे महिन्यातल्या सभेत पार्किंगचं वाटप ठरलं आणि जुलैत तुम्ही ते रद्द करायला सभा मागितली, तर सेक्रेटरी ते पत्र बाजूला ठेवेल आणि त्याचं बरोबर असेल.

पुनर्विकासाचा विषय असेल तर त्यासाठी ४ जुलै २०१९ चा स्वतंत्र शासन निर्णय आहे. त्यातली सभा, मुदती आणि हजेरी यांचे नियम वेगळे, तेव्हा इथला नमुना तिथे वापरू नका.

३. हेतू लिहा, तक्रार नको

माझ्या मते सगळ्या कामातला हा सर्वांत महत्त्वाचा भाग. विशेष सभेत नोटिशीत छापलेल्या विषयांपलीकडे काहीही घेता येत नाही. वार्षिक सभेच्या अजेंड्यात शेवटी असते ती 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय' ही ओळ इथे कामाची नाही. मागणीपत्रात जे लिहाल तेवढंच तुमच्या पदरात.

उदाहरण घेऊ. कमिटीने गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काम एका ठेकेदाराला दिलं. पहिल्याच पावसात सातव्या मजल्यावर गळती सुरू झाली. दरपत्रकं कोणी पाहिली नाहीत, आणि आता शेवटचं बिल द्यायची घाई चाललीय. लोक चिडलेले असतात, त्यामुळे पहिला मसुदा हमखास असा होतो: "कमिटीच्या मनमानी कारभाराबाबत चर्चा करणे." असा विषय लागला की दोन तास भांडण होतं, शेवटी चहा येतो आणि चर्चा झाली असं इतिवृत्तात लिहून मोकळे. चर्चेचाच विषय होता, चर्चा झाली!

विषय असा लिहा की त्यावर हात वर करून हो किंवा नाही म्हणता येईल. गळतीच्या प्रकरणाचे विषय असे होतील:

> १. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी मागवलेली दरपत्रके, दिलेला कार्यादेश आणि आजवर चुकती केलेली बिले सभेसमोर ठेवणे.
>
> २. झालेल्या कामाची तपासणी स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घेणे व त्याची नेमणूक आणि शुल्क मंजूर करणे.
>
> ३. तपासणी अहवाल सर्वसाधारण सभेपुढे येईपर्यंत ठेकेदारास उर्वरित रक्कम न देण्याबाबत निर्णय घेणे.

यात कोणाच्या नावाने बोट मोडलेलं नाही. पहिल्या विषयामुळे कागद टेबलावर येतात, दुसऱ्यामुळे काम पुढे सरकतं, तिसऱ्यामुळे पैसे थांबतात. तिसरा विषय लिहिण्याआधी कार्यादेशातल्या पैसे देण्याच्या अटी कोणीतरी वाचलेल्या असाव्यात, नाहीतर ठेकेदाराची नोटीस यायची. विषय तीन-चारच ठेवा. पाणी, पार्किंग, वॉचमन, गणपतीची वर्गणी सगळं एकाच पत्रात कोंबलं तर मुख्य विषयावर येईपर्यंत निम्मे लोक घरी गेलेले असतात.

समितीला स्वतःच्या अधिकारात दुरुस्तीवर किती खर्च करता येतो याची मर्यादाही उपविधीत सभासदसंख्येप्रमाणे दिलेली असते. तुमच्या प्रकरणात ती ओलांडली असेल तर पत्रात एका वाक्यात तेवढं नमूद करा. आरोप करायची गरज उरत नाही.

४. मागणीपत्र आणि सह्यांचे कागद

पत्र एका पानात बसलं पाहिजे. नमुना देतो:

> प्रति,
> मा. सचिव,
> (संस्थेचे पूर्ण नाव व नोंदणी क्रमांक)
>
> विषय: महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ७६ अन्वये विशेष सर्वसाधारण सभा बोलावण्याबाबत मागणी.
>
> महोदय/महोदया,
> आम्ही खाली सह्या करणारे संस्थेचे सभासद मागणी करतो की, पुढील विषयांवर निर्णय घेण्यासाठी हे पत्र मिळाल्यापासून एक महिन्याच्या आत विशेष सर्वसाधारण सभा बोलावण्यात यावी. (इथे विषय.)
> सभेच्या नोटिशीत वरील विषय जसेच्या तसे छापावेत. सर्वांना सोयीचे व्हावे म्हणून सभा रविवारी सकाळी ठेवावी, ही विनंती.
>
> प्रत: मा. उपनिबंधक, सहकारी संस्था, (विभाग/तालुका)

सह्यांचा तक्ता असा करा: अनुक्रमांक, फ्लॅट नंबर, सभासदाचं भागपत्रावर आहे तसंच नाव, सही, तारीख. आणि एक काम अजिबात विसरू नका. सह्यांच्या प्रत्येक पानाच्या डोक्यावर ते तीनही विषय पुन्हा छापा. कोऱ्या कागदावर सह्या घेऊन वर पत्र जोडलं, की आठवड्याभरात कोणीतरी म्हणतं, "मला वाटलं गळतीच्या तक्रारीवर सही आहे, सभेचं कोणी बोललंच नव्हतं."

सही कोणाची? भागपत्रावर पहिलं नाव ज्याचं, त्याची. फ्लॅट वहिनींच्या नावावर असेल आणि दार उघडून सही दादांनी केली, तर ती सही गेली. भाडेकरूची चालत नाही, मुलाची चालत नाही, "मी अमेरिकेत आहे, माझं धरून चाला" हा मेसेज तर नाहीच. सहयोगी सभासदाच्या सहीवर वाद निघू शकतो, म्हणून तिला मोजणीत धरू नका. घेतली तर वरची म्हणून घ्या.

थकबाकीदारांचंही तसंच. काही सेक्रेटरी पत्र मिळताच सह्या करणाऱ्यांची मेंटेनन्सची खाती काढून बसतात. ज्याची बाकी आहे त्याला आधी पैसे भरायला सांगा, किंवा त्याची सही नसली तरी आकडा पुरतोय ना हे बघा.

म्हणून आमच्या उदाहरणात तेरावर थांबू नका, किमान वीस-बावीस सह्या घ्या. दोन-चार सह्या वादात गेल्या तरी एक पंचमांश शाबूत राहतो. शिवाय पत्र पोचल्यावर चेअरमनचे फोन सुरू होतात. "अरे, तुझी सही कशी यात? आपलं एवढं चांगलं असताना?" अशा एका फोनवर सही मागे घेणारे निघतातच. आणि तिसरं, हेच वीस-बावीस जण म्हणजे तुमचा कोरम. सही घेताना सरळ विचारा, "सभेला येणार ना?" जो येणार नाही त्याची सही जरूर घ्या, पण आपल्या वहीत त्याच्यापुढे फुली मारून ठेवा.

५. पत्र द्या आणि पोच घ्या

पत्राची प्रत सोसायटीच्या ऑफिसात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्या. महिन्याची मुदत या तारखेपासून मोजली जाते. सेक्रेटरी 'उद्या या' म्हणाला तर वाद घालू नका. त्याच दिवशी पोचपावतीसह स्पीड पोस्टाने सोसायटीच्या नोंदणीकृत पत्त्यावर पाठवा, सोसायटीच्या ईमेलवर स्कॅन टाका आणि उपनिबंधक कार्यालयात प्रत देऊन तिथलाही शिक्का घ्या. पत्र वॉचमनकडे ठेवू नका.

हाताशी ठेवायचे कागद एवढेच: नोंदणीकृत उपविधींची प्रत, सभासदांची यादी, सह्यांसह मागणीपत्राची पूर्ण झेरॉक्स, पोच, आणि विषयाशी संबंधित पत्रव्यवहार. मूळ सह्यांचा संच सोसायटीला गेल्यावर तुमच्याकडे झेरॉक्सच उरते, तेव्हा देण्याआधी प्रत्येक पान नीट स्कॅन करा.

६. तारखा मोजा

३ फेब्रुवारीला पोच मिळाली असं धरू. आदर्श उपविधीप्रमाणे मागणीपत्र सात दिवसांत कमिटीच्या सभेपुढे ठेवून सभेची तारीख, वेळ, जागा ठरवायची असते, म्हणजे १० फेब्रुवारीपर्यंत. महिना भरतो ३ मार्चला, त्याच्या आत सभा.

विशेष सभेची नोटीस पूर्ण पाच दिवस आधी हवी. हे पाच दिवस मोजताना नोटीस काढल्याचा दिवस आणि सभेचा दिवस दोन्ही सोडायचे. सभा १ मार्चला असेल तर मधले पूर्ण दिवस २४, २५, २६, २७ आणि २८ फेब्रुवारी. म्हणजे नोटीस उशिरात उशिरा २३ तारखेला निघाली पाहिजे. २४ ला निघाली तर चारच दिवस भरतात, आणि सभेत झालेला निर्णय ज्याला पटला नाही तो नेमकं तेच बोट दाखवतो. कमिटी एकमताने कमी मुदतीत तातडीची सभा बोलावू शकते, पण मागणीवरून होणाऱ्या सभेत तुम्हीच "चालेल, घ्या परवा" असं म्हणू नका. जिंकलेला ठराव नोटिशीच्या एका दिवसावरून गमावण्यात काय अर्थ?

नोटीस हातात पडली की तीन गोष्टी बघा. सगळ्या सभासदांना गेली आहे का, की फक्त फलकावर लावलीय? त्यात तारीख, वेळ आणि जागा आहे का? आणि विषय तुमच्या शब्दांत आहेत का? हा शेवटचा सापळा फार गोड असतो. तुम्ही लिहिलेलं असतं 'उर्वरित रक्कम न देण्याबाबत निर्णय घेणे' आणि नोटिशीत येतं 'गच्चीच्या कामाबाबत माहिती देणे'. तसं झालं तर त्याच दिवशी लेखी हरकत द्या, मागणीपत्रातले विषय जोडा आणि सुधारित नोटीस मागा. प्रत उपनिबंधकांना. सभेत उठून सांगेपर्यंत उशीर झालेला असतो.

७. सभेचा दिवस: साडेअकराचा काटा

अकराची सभा. क्लबहाउसात खुर्च्या मांडलेल्या, रजिस्टर टेबलावर, अकरा वाजून दहा मिनिटांनी सह्या चौदा. एरवीच्या सभेत कोणी घाबरत नाही. अर्ध्या तासात कोरम झाला नाही की सभा तहकूब होते आणि नोटिशीत लिहिल्याप्रमाणे थोड्या वेळाने त्याच जागी, कोरमशिवाय भरते. आपल्याकडे वार्षिक सभा बहुतेक अशाच होतात.

सभासदांच्या मागणीवरून बोलावलेल्या सभेला ही सवलत नाही. ठरलेल्या वेळेनंतर अर्ध्या तासात कोरम झाला नाही तर ती तहकूब होत नाही, रद्द होते. साडेअकराला रजिस्टरवर १९ सह्या असतील तर संपलं. पुन्हा नवं मागणीपत्र, पुन्हा सह्या, पुन्हा महिना. सभा नको असलेल्या कमिटीला काहीही करावं लागत नाही, फक्त आपली माणसं घरी बसवायची. सभा सोमवारी सकाळी अकराला किंवा लग्नाच्या मोठ्या तिथीला ठेवली जाते ती उगीच नाही. तारीख ठरवण्याचा अधिकार कमिटीचा आहे, त्यामुळे यावर तुमचा एकच इलाज: माणसं.

आदल्या रात्री तुमच्या यादीतल्या प्रत्येकाला फोन करा, मेसेज नको. सकाळी पावणेअकराला प्रत्येक विंगमधून एकाने खाली उतरताना बेल वाजवत यावं. मुखत्यारपत्रावर किंवा अधिकारपत्रावर आलेला माणूस सभेला चालत नाही, तो कोरममध्ये धरू नका. सह्या रजिस्टरमध्ये झाल्या पाहिजेत. खुर्चीवर बसलेला पण सही न केलेला माणूस कागदावर हजर नसतो. विसावी सही झाली की घड्याळ बघून रजिस्टरच्या पानाचा फोटो घ्या.

सभेत बोलायला एकच माणूस ठरवा. विषय क्रमाने घ्या, प्रत्येकावर ठरावाचा मजकूर वाचा, सूचक-अनुमोदकांची नावं सांगा, मतदान मागा, आणि आकडे लिहून घ्यायला लावा: बाजूने किती, विरोधात किती, तटस्थ किती. 'बहुमताने मंजूर' एवढ्यावर समाधान मानू नका. सातव्या मजल्यावरच्या बाथरूमचे फोटो दाखवायचे असतील तर पहिल्या विषयात दाखवून घ्या, तिसऱ्या विषयाला फक्त मत.

उठण्याआधी तिन्ही ठराव मोठ्याने पुन्हा वाचून घ्या. आठ दिवसांनी लेखी पत्र देऊन इतिवृत्ताचा मसुदा मागा आणि चूक असेल तर हरकत लेखीच द्या.

८. महिना उलटला आणि सभा नाही, तर

३ मार्च गेला, नोटीस नाही. आता अर्ज उपनिबंधकांकडे, कलम ७६ चाच आधार घेऊन. सोबत मागणीपत्राची पोच असलेली प्रत, सह्यांची पानं, सभासद यादी आणि उपविधींचं संबंधित पान. अर्जात हकीकत लांबवू नका. एकूण सभासद ६१, सह्या २१, पत्र मिळाल्याची तारीख ३ फेब्रुवारी, महिना पूर्ण ३ मार्च, सभा झाली नाही, सभा बोलावण्यासाठी अधिकारी नेमावा. एवढंच.

निबंधक स्वतः किंवा त्यांनी अधिकार दिलेली व्यक्ती सभा बोलावू शकते आणि ती कमिटीनेच रीतसर बोलावलेली सभा मानली जाते. सभेचा खर्च, टाळाटाळीला जबाबदार असलेल्यांकडून वसूल करण्याचा आदेशही ते देऊ शकतात. योग्य कारणाशिवाय सभा टाळणाऱ्या सदस्याला, त्याचं म्हणणं ऐकून घेऊन, काही काळ कमिटीसाठी अपात्र ठरवण्याची तरतूद याच कलमात आहे. बऱ्याचदा उपनिबंधक कार्यालयाचं खुलासा मागणारं पत्र आलं की कमिटी स्वतःच तारीख जाहीर करते. मात्र कार्यालयात फाईल आपोआप सरकत नाही. अर्जाचा आवक क्रमांक घेऊन संबंधित टेबलावर विचारणा करत राहावं लागतं, आणि दरवेळी एकच माणूस गेला तर बोलणं तुटत नाही.

सभा निबंधकांनी बोलावली तरी विषय तेच राहतात, मागणीपत्रातले. आणि त्या दिवशीही वीस माणसं वेळेत खाली आणण्याचं काम तुमचंच.